जुन्या इन्स्टाग्राम पेजवरचे बॉट आणि निष्क्रिय फॉलोअर: काढायचे कसे, आणि रीच खरंच बदलला का हे ओळखायचं कसं

जुनी पेजेस माझ्याकडे येतात ती बहुतेक एकाच तक्रारीसाठी: फॉलोअर भरपूर, पण पोस्ट कुणापर्यंत पोहोचतच नाही. पेज चालवणाऱ्याने तोवर ठरवलेलं असतं की मेलेल्या फॉलोअरांनी पेज बुडवलं आणि ते काढले की रीच परत येईल. काही वेळा यात तथ्य असतं, बऱ्याचदा नसतं. म्हणून साफसफाईला हात घालण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. सोपं आणि फुकट ते आधी घेतलं आहे, वेळखाऊ ते शेवटी.

लक्षणं

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- फॉलोअर वीस-पंचवीस हजार, पण पोस्टचा रीच कित्येक महिने हजार-बाराशेच्या आसपासच घुटमळतोय.
- नवे फॉलोअर येतात त्यांचं नाव म्हणजे अक्षरांचा आणि आकड्यांचा गुंता. फोटो नाही, पोस्ट नाही, आणि स्वतः मात्र हजारो खात्यांना फॉलो करतात.
- पोस्ट टाकल्यावर काही सेकंदांत त्याच त्या इमोजीच्या किंवा ‘मेसेज करा’ छापाच्या कमेंट येतात.
- इनसाइट्समध्ये प्रेक्षकांच्या शहरांत अशी नावं वर दिसतात जिथे तुमच्या पोस्टची भाषा कुणी वाचत नाही.
- तुम्ही काहीही केलेलं नसताना फॉलोअरांचा आकडा एका रात्रीत शेकड्याने खाली येतो.

शेवटच्या लक्षणाने लोक सगळ्यात जास्त घाबरतात, पण ते एकटंच असेल तर काळजीचं कारण नाही. इन्स्टाग्राम स्वतःच अधूनमधून खोटी खाती पुसतं. डिसेंबर २०१४ मधल्या अशाच मोठ्या सफाईत नामवंत खात्यांचे फॉलोअर लाखांनी कमी झाले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की बाहेरच्या अ‍ॅपमधून आलेले खोटे लाइक, फॉलो आणि कमेंट ती काढून टाकणार. असं झालं की तुमचं काम तेवढं कमी झालं, इतकंच समजा.

आधी फॉलोअर वेगळे ओळखा

‘निष्क्रिय’ या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या प्रकारची खाती येतात, आणि रीचवर त्यांचा परिणाम सारखा नसतो.

पहिली बंद पडलेली खाती. माणूस पासवर्ड विसरला, फोन बदलला, कंटाळून निघून गेला. तो अ‍ॅप उघडतच नाही, म्हणून तुमची पोस्ट त्याच्या स्क्रीनवर येतच नाही. रीच म्हणजे ज्यांच्या स्क्रीनवर पोस्ट आली अशी वेगवेगळी खाती. जो येतच नाही तो त्या हिशोबात धरला जात नाही, तसाच तो दुसऱ्या कुणाची जागाही अडवत नाही.

दुसरी जिवंत बॉट खाती. ही खरोखर लॉगिन होतात, फीड उघडतात, लाइक करतात, कमेंट टाकतात. तुमची पोस्ट त्यांना दिसू शकते, पण त्यावर ती थांबत नाहीत आणि ती कुणाला पाठवतही नाहीत. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलेले तीन मुख्य संकेत असे: लोक किती वेळ पाहतात, रीचच्या प्रमाणात किती लाइक येतात आणि रीचच्या प्रमाणात किती जण पुढे पाठवतात. यातलं प्रमाण रीचशी आहे, एकूण फॉलोअरांशी नाही. म्हणजे ज्यांना पोस्ट दिसली त्यांच्यात बॉट जास्त असतील तर प्रमाण घसरतं. ज्यांना दिसलीच नाही त्यांच्यामुळे घसरण्याचं कारण नाही.

तिसरे गप्प बसणारे खरे लोक. यांच्या खात्यावर एकही पोस्ट नसते, बऱ्याचदा फोटोही नसतो, खातं खासगी असतं, आणि ते तुमच्या प्रत्येक पोस्टपाशी थांबून नीट वाचतात. घाईत साफसफाई केली की सगळ्यात आधी हेच कापले जातात. त्यांना गमावणं म्हणजे खरा रीच गमावणं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जिवंत बॉट काढायला अर्थ आहे, बंद पडलेली खाती काढून रीचमध्ये फारसं काही हाती लागत नाही, आणि गप्प लोकांना हात लावायचा नाही.

पहिली तपासणी: रीच खरंच पडला आहे का?

याला काहीच खर्च नाही आणि पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. इन्स्टाग्रामने आता ‘व्ह्यूज’ हा मुख्य आकडा केला आहे. व्ह्यूजमध्ये एकच माणूस अनेकदा मोजला जाऊ शकतो, रीचमध्ये तो एकदाच. जुन्या नोंदीतला रीच आणि आजचे व्ह्यूज शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष चुकीचाच निघणार. तसंच रीलची तुलना रीलशी आणि फोटोंच्या पोस्टची तुलना तशाच पोस्टशी करा. रील अनोळखी लोकांपुढे जास्त जाते, त्यामुळे सगळं एकत्र केलं तर मागच्या महिन्यात दोन रील कमी टाकल्या एवढ्यावरूनही ‘रीच पडला’ असं दिसतं.

मग पोस्टच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर आणि फॉलोअर नसलेले असा विभाग पाहा. घट फॉलोअर नसलेल्यांत असेल, तर प्रश्न शिफारशींचा आहे आणि फॉलोअर काढून तो सुटण्याची शक्यता फार कमी. घट फॉलोअरांकडची असेल तर पुढे चला.

दुसरी तपासणी: खात्याची स्थिती

सेटिंग्जमध्ये `Account Status` उघडा. काढलेली पोस्ट, बंद केलेली सुविधा किंवा अनोळखी लोकांना शिफारस करण्यावरचं बंधन असेल तर ते तिथे दिसतं. बंधन असताना हजारो बॉट काढले तरी रीच हलणार नाही, म्हणून हे आधी मिटवा. जी पोस्ट दाखवली आहे ती काढा, किंवा निर्णय चुकीचा वाटत असेल तर तिथूनच फेरतपासणी मागा.

तिसरी तपासणी: बॉट येतात कुठून?

नळ चालू ठेवून पाणी उपसण्यात अर्थ नाही. जुन्या पेजवर हमखास कधीतरी कुणीतरी ‘फॉलोअर वाढवा’ छापाचं अ‍ॅप जोडलेलं असतं. पेज हातोहात गेलं असेल तर आजच्या माणसाला त्याची कल्पनाही नसते. सेटिंग्जमध्ये जोडलेली अ‍ॅप आणि वेबसाइटची यादी पाहून अनोळखी सगळं काढा. लॉगिन झालेल्या उपकरणांची यादी पाहून अनोळखी उपकरणं बाहेर काढा. मग पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. क्रम हाच ठेवा, आणि पासवर्ड बदलल्यावर ती यादी पुन्हा एकदा पाहा.

बॉट थांबवण्यासाठी पेज खासगी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. व्यावसायिक खातं खासगी करता येत नाही, त्यासाठी आधी वैयक्तिक खात्यावर यावं लागतं. तसं केलं की इनसाइट्स हातची जातात, आणि पुढचं सगळं मोजमाप त्यांच्यावरच उभं आहे.

चौथी तपासणी: कोणत्या दिवशी किती आले?

इथे थोडी मेहनत आहे, पण बॉटची टोळी सापडते ती इथेच. अ‍ॅपमधल्या फॉलोअरांच्या यादीत कोण कधी आलं ते दिसत नाही. तुमच्या माहितीची प्रत मागवली की त्यात मात्र प्रत्येकाची वेळ असते. अकाउंट्स सेंटरमध्ये `Your information and permissions` या भागातून माहिती मागवा, फक्त फॉलोअर आणि फॉलोइंग निवडा, प्रकार `JSON` ठेवा आणि कालावधी `All time` करा. कालावधी बदलायचा राहिला तर जुने फॉलोअर फाइलमध्ये येत नाहीत आणि नेमका तोच काळ हातातून निसटतो, जो आपल्याला पाहायचा आहे.

मिळालेल्या `followers_1.json` या फाइलच्या शेजारी खालचा छोटा पायथन प्रोग्राम ठेवून चालवा. सगळ्यात जास्त फॉलोअर आलेले वीस दिवस तो दाखवतो. फॉलोअर जास्त असतील तर `followers_2.json` वगैरे आणखी फाइल मिळतात, त्यांनाही हेच करा आणि आकडे एकत्र लावा.

```python
import json, collections, datetime
data = json.load(open("followers_1.json", encoding="utf-8"))
c = collections.Counter()
for f in data:
    t = f["string_list_data"][0]["timestamp"]
    c[datetime.date.fromtimestamp(t)] += 1
for day, n in c.most_common(20):
    print(day, n)
```

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा पेजचे फॉलोअर २४,००० आहेत. एरवी दिवसाला पाच ते पंधरा जण येतात, पण काही वर्षांपूर्वीच्या सलग चार दिवसांत २,३००, २,६००, १,९०० आणि १,६०० आले, म्हणजे चार दिवसांत ८,४००. आता त्या तारखांना पेजवर काय होतं ते पाहा. एखादी रील तुफान चालली असेल तर असा उसळीचा दिवस अगदी खरा असू शकतो. तसं काही नसेल तर संशय पक्का होतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: सोडून गेलेली आणि पुसली गेलेली खाती या फाइलमध्ये नसतात, त्यामुळे मूळ उसळी आज दिसते त्यापेक्षा मोठी असू शकते.

संशय पक्का झाला तरी ८,४०० च्या ८,४०० बॉट असं धरू नका. त्यातली पन्नास खाती कुठूनही उचला आणि एकेक उघडून पाहा. फाइलमध्ये प्रत्येकाचा दुवा असतोच. फोटो नाही एवढ्यावर कुणाला बॉट ठरवू नका. तीन खुणा तरी एकत्र जुळल्या पाहिजेत. माझ्या दृष्टीने सगळ्यात भरवशाच्या खुणा म्हणजे फॉलो केलेल्या खात्यांची संख्या ७,५०० या मर्यादेच्या जवळ असणं, एकाच दिवशी टाकून सोडलेल्या उसन्या फोटोंच्या पोस्ट, आणि एकाच साच्यातून काढल्यासारखी नावं. पन्नासपैकी ४७ बॉट निघाले तर त्या टोळीत अंदाजे ७,९००, म्हणजे जवळजवळ आठ हजार बॉट आहेत आणि पाचएकशे खरी माणसं अडकलेली आहेत.

पाचवी तपासणी: वाचवायच्या लोकांची यादी

काढायला सुरुवात करण्याआधी दोन-तीन आठवडे नेमाने स्टोरी टाका. ती कुणी पाहिली याची यादी स्टोरी टाकल्यापासून ४८ तास दिसते. संशयित काळात आलेलं जे नाव त्या यादीत दिसेल ते बाजूला लिहून ठेवा. एखाद-दोन स्टोरीत मतदानाचं स्टिकर लावा. गप्प माणूस कमेंट करणार नाही, पण दोन पर्यायांतल्या एकावर बोट ठेवायला त्याला संकोच वाटत नाही. काही बॉट स्टोरीही पाहत सुटतात, म्हणून नुसतं पाहणाऱ्याचं खातं एकदा उघडून बघा. मत देणाऱ्याला मी बिनशर्त वाचवतो.

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण इथेच वाट सोडतात. पण अडकलेली ती पाचएकशे माणसं वाचतात ती या यादीमुळेच. ती गेली तर पुन्हा येतीलच याचा काही भरवसा नाही, कारण काढल्याची सूचना त्यांना जात नाही. तुमच्या पोस्ट दिसेनाशा झाल्या एवढंच त्यांच्या बाजूने घडतं.

मोजमाप: काहीही काढण्याआधी दोनदा

सफाईनंतर रीच वाढला की नाही हे सांगायचं तर मुळात तो आपोआप किती हलतो हे माहीत हवं. म्हणून काहीही न काढता चार-चार आठवड्यांचे दोन टप्पे मोजा. पोस्टचा प्रकार, आठवड्याला किती पोस्ट आणि वेळ एकच ठेवा. प्रत्येक पोस्टचा आकडा ती टाकल्यावर बरोबर सात दिवसांनी उतरवा, नाहीतर जुनी पोस्ट विनाकारण सरस दिसते. पैसे देऊन पुढे ढकललेल्या पोस्ट या हिशोबातून पूर्ण वगळा. वहीत तीन रकाने पुरेत: तारीख, फॉलोअरांकडचा रीच, फॉलोअर नसलेल्यांकडचा रीच.

सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. एका चाललेल्या पोस्टमुळे सरासरी फुगते, मधला आकडा जागेवर राहतो. स्प्रेडशीटमध्ये फॉलोअरांकडचा रीच दुसऱ्या रकान्यात असेल आणि बारा पोस्ट असतील तर ही तीन सूत्रं लागतात:

```
=MEDIAN(B2:B13)
=QUARTILE(B2:B13,1)
=QUARTILE(B2:B13,3)
```

मागच्या दोन सूत्रांच्या मधल्या पट्ट्यात तुमच्या निम्म्या पोस्ट असतात. आपल्या उदाहरणात पहिल्या टप्प्यात मधला आकडा १,०५० आला आणि पट्टा ९०० ते १,२५०. दुसऱ्या टप्प्यात मधला आकडा १,१४०. म्हणजे काहीही न करता तो नव्वदने हलला. सफाईनंतर शंभराची वाढ दिसली आणि कुणी टाळ्या पिटल्या, तर हा नव्वद त्यांना दाखवा.

आता काढायला घ्या, पण सावकाश

जिवंत बॉट आधी. जे कमेंट टाकतात, क्षणात लाइक करतात, नको ते मेसेज पाठवतात, ते पहिल्या दिवशी. त्यांना नुसतं काढू नका, ब्लॉक करा. नुसतं काढलेलं खातं पुन्हा फॉलो करू शकतं. मग टोळीतली बाकीची खाती घ्या: फॉलोअरांच्या यादीत नाव शोधायचं आणि समोरचं `Remove` दाबायचं. मी दिवसाला शंभर-दीडशेच्या पुढे जात नाही आणि तेही दोन-तीन बैठकांत. भराभर एकच कृती केली की तुमचंच खातं यंत्रासारखं वागतंय असं इन्स्टाग्रामला वाटतं आणि ती सुविधा तात्पुरती बंद होते. तसा संदेश आला की त्याच क्षणी थांबा. काही दिवस हात लावू नका आणि नंतर वेग निम्मा करा.

या वेगाने आठ हजार खाती काढायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणूनच ‘एका क्लिकमध्ये सगळे बॉट काढा’ म्हणणारी अ‍ॅप मोहात पाडतात. त्यांना पासवर्ड देऊ नका. तिसऱ्या तपासणीत जे दार बंद केलं तेच ही अ‍ॅप पुन्हा उघडतात, शिवाय गप्प माणूस आणि बॉट यातला फरक त्यांना कळत नाही.

माझा सल्ला असा की जिवंत बॉट काढून झाले की थांबा, चार आठवडे मोजा, आणि उरलेल्या मेलेल्या खात्यांवर दोन-अडीच महिने घालायचे की नाही ते मगच ठरवा.

टक्केवारीचा भुलावा

समजा तुम्ही सगळे आठ हजार काढले. फॉलोअर २४,००० वरून १६,००० वर आले. आधी एकूण रीच १,२०० होता, म्हणजे फॉलोअरांच्या ५ टक्के. नंतरही तो १,२०० च आहे, पण आता ते ७.५ टक्के झाले. टक्केवारी दीडपट झाली आणि एकही नवा माणूस तुमच्यापर्यंत आलेला नाही. सफाईनंतर ‘रीच दीडपट झाला’ असे जे दावे ऐकू येतात, त्यातल्या कितीतरी दाव्यांमागे हाच भागाकार असतो.

म्हणून फॉलोअरांकडचा रीच प्रत्यक्ष आकड्यात पाहा. सफाईनंतरच्या टप्प्यात मधला आकडा १,०९० आला तर बदल नाही, तो आधीच्या हेलकाव्यातच बसतो. तो १,२५० च्या वर गेला आणि पुढच्या चार आठवड्यांतही तिथेच राहिला, तर बदल खरा मानायला हरकत नाही. त्याच्या जोडीला दर हजार रीचमागे किती वेळा पोस्ट पुढे पाठवली गेली तेही पाहा. बॉट खरोखर अडथळा होते तर हे प्रमाण आधी सुधारतं, रीच मागून येतो. आकडा खाली गेला, ९०० च्याही खाली, तर बहुधा खरी माणसं कापली गेली आहेत. सफाई तिथेच थांबवा.

रीच हलला नाही तरी सफाई वाया गेली असं नाही. शहरांची आणि वयाची आकडेवारी विश्वासाची होते, फॉलोअर कधी जागे असतात तो आलेख खरा दिसायला लागतो, आणि याच फॉलोअरांच्या आधारे जाहिरातीसाठी त्यांच्यासारखे लोक शोधत असाल तर शोध भलतीकडे जात नाही. पेज कुणाबरोबर मिळून काम करत असेल तर समोरचा लाइकचं प्रमाण फॉलोअरांशी लावूनच बघतो, तिथे तर फॉलोअर कमी झाल्याचा सरळ फायदा आहे.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

जिवंत बॉट काढून दोन टप्पे मोजले आणि मधला आकडा जुन्या पट्ट्यातच राहिला, तर आणखी खाती काढत बसू नका. दोष फॉलोअरांत नाही. तिथून पुढे पोस्ट, विषय आणि शिफारशी यांचं काम सुरू होतं.

पासवर्ड बदलून, अ‍ॅप काढूनही रोज शेकड्याने बॉट येत राहिले, तर कुणीतरी बाहेरून ते तुमच्यावर सोडत असण्याची शक्यता आहे. हे हाताने उपसून संपत नाही. तारखा आणि स्क्रीनशॉट जमवा आणि अ‍ॅपमधून इन्स्टाग्रामच्या मदत विभागाकडे तक्रार करा. अनोळखी लॉगिन पुन्हा दिसलं, किंवा खात्याला जोडलेला ईमेल वा फोन नंबर तुम्ही न बदलता बदलला, तर सफाई, मोजमाप सगळं बाजूला ठेवा आणि त्याच तासाला खातं परत मिळवण्याची प्रक्रिया सुरू करा. पेजला जाहिरातीचं खातं आणि पैसे जोडलेले असतील तर सोबत सायबर सुरक्षेचा जाणकार घ्या आणि बँकेला कार्ड थांबवायला सांगा. `Account Status` मधलं बंधन फेरतपासणीनंतरही कायम राहिलं तर मेटाच्या व्यवसाय मदत विभागाशी बोला. बंधन उठवतो असं सांगून पैसे आणि पासवर्ड मागणाऱ्या कुणाही त्रयस्थाला दोन्ही देऊ नका.